पाच अधिक चार आणि लाल दिवा

आमच्या डिजिटल लॅबमध्ये भिंतीवर सायकलची रिम टांगलेली होती. नवीन पोरं पहिल्या दिवशी ती बघून हसायची. कुणी विचारायचं, ‘मॅडम, पंक्चर काढायचं पण शिकवता का?’ मी म्हणायची, ‘सर येऊ द्या, मग विचारा.’ मग सर यायचे आणि हसणं बंद व्हायचं.

आमचं तंत्रनिकेतन शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. आजूबाजूला ऊस, समोर एक वडापावची गाडी, आणि वर्षातले आठ महिने खिडकीतून आत येणारी धूळ. इलेक्ट्रॉनिक्स शाखेत आम्ही दोघंच कायमचे, विभागप्रमुख म्हणून सर आणि त्यांच्या हाताखाली मी. त्याआधी मी त्यांचीच विद्यार्थिनी होते, याच लॅबमध्ये, याच स्टुलांवर. त्यामुळे पगार घ्यायला लागून इतकी वर्षं झाली तरी त्यांच्यासमोर खुर्चीत टेकून बसायची माझी हिंमत झाली नाही. ते दौंडचे. रोज सकाळच्या गाडीने केडगावला उतरायचे. मी केडगावात राहते, म्हणून स्टेशनाबाहेर स्कूटर घेऊन उभी असायची. ते मागे बसायचे, मांडीवर डबा, आणि कॉलेज येईपर्यंत मी गाडी कशी चालवते यावर बोलत राहायचे. ‘खड्डा शोधून काढतीस व्हय गं?’ हे वाक्य तर ठरलेलं.

सरांना पोरांनी पाठीमागे नाव ठेवलं होतं, ‘पाच-चार’. त्याचं कारण ती रिम.

एका जुन्या सायकलच्या रिमवर त्यांनी सोळा कागदाचे तुकडे चिकटवले होते. सगळ्यात वर शून्य. शून्यापासून उजवीकडे खाली येत एक, दोन, तीन असं सातपर्यंत. शून्यापासून डावीकडे खाली येत उणे एक, उणे दोन, असं उणे आठपर्यंत. म्हणजे खाली, अगदी तळाला, सात आणि उणे आठ एकमेकांना खेटून बसलेले. त्या दोघांच्या मधे सरांनी लाल चिकटपट्टी लावली होती. चार बिटांत, म्हणजे शून्य किंवा एक असलेल्या चार घरांत, एवढेच आकडे मावतात, उणे आठ ते सात. सर म्हणायचे, ‘आता पाचावर बोट ठेव. त्यात चार मिळवायचे. चार घरं फुडं सरक.’ पोरगं बोट सरकवायचं, सहा, सात, लाल पट्टीवरून पलीकडे उणे आठ, उणे सात. ‘किती आलं?’ ‘उणे सात, सर.’ ‘पाच आन् चार उणे सात व्हत्यात का रं? तुझ्या आईला विचारून ये.’ सगळी लॅब हसायची. मग सर लाल पट्टीवर बोट आपटून म्हणायचे, ‘ही शीव हाय. ही वलांडली की उत्तर खोटं. मशीन काय बोंबलत न्हाई. त्ये खोटं उत्तर बी गप गुमान दिवं लावून दावतं. म्हणून आपुन एक लाल दिवा येगळा ठेवायचा. त्याला म्हणायचं ओव्हरफ्लो.’

तो दिवा कसा लावायचा हा खरा प्रश्न, आणि दरवर्षी अर्धी पोरं तिथेच घसरायची.

जोडणी तशी सोपी. बेरीज करणारी एक चार बिटांची चिप असते. वजाबाकीसाठी वेगळी चिप लागत नाही. ज्याला वजा करायचं त्याचे सगळे बिट उलटे करायचे, त्यात एक मिळवायचा आणि मग नेहमीसारखी बेरीज करायची. बिट उलटे करायला एक्स-ऑर गेट वापरतात. त्याला दोन तारा येतात. दोन्हींवर वेगवेगळं असेल तरच तो एक देतो. दुसऱ्या आकड्याचा प्रत्येक बिट एकेका एक्स-ऑरमधून नेतात, आणि चारही एक्स-ऑरांची उरलेली तार एकाच बटणाला जोडतात. बटण शून्यावर असेल तर बिट आहे तसा जातो, एकावर असेल तर उलटा होतो. आणि त्याच बटणाची तार चिपच्या पहिल्या हातच्यालाही जोडतात, म्हणजे तो मिळवायचा एक आपोआप मिळतो. एकाच बटणात बेरीज आणि वजाबाकी. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा सहातून दोन गेले आणि चारचा दिवा लागला, तर मला एवढा आनंद झाला की मी घरी जाऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘त्ये तर मला बोटांवर बी येतं.’

घसरण्याची जागा पुढे आहे. चिपच्या वरच्या टोकातून शेवटचा हातचा बाहेर येतो. पोरांना वाटतं, हातचा बाहेर सांडला म्हणजेच ओव्हरफ्लो, आणि ती सरळ तिथे लाल दिवा जोडतात. पण ते खरं नाही. उणे तीनमधून दोन वजा करा. उणे पाच येतात, उत्तर एकदम बरोबर, लाल पट्टी कुणी ओलांडलेली नाही, तरी हातचा बाहेर येतोच. आणि पाच अधिक चार करा, उत्तर खोटं, पण बाहेर हातचा काहीच येत नाही. सर म्हणायचे, सगळ्यात वरच्या घरात, म्हणजे सगळ्यात डावीकडच्या बिटात, आत कोणता हातचा आला आणि बाहेर कोणता गेला ते बघा. दोन्ही सारखे असतील तर उत्तर खरं. वेगळे असतील तर खोटं. आमच्या चिपमधून तो आत येणारा हातचा बाहेर काढलेलाच नाही, म्हणून तो परत शोधून काढावा लागतो. वरच्या घरातले दोन्ही बिट आणि उत्तराचा बिट एक्स-ऑर केले की तो मिळतो, आणि त्याला बाहेरच्या हातच्याशी पुन्हा एक्स-ऑर केलं की लाल दिव्याची तार तयार. आणि यात दुसऱ्या आकड्याचा बिट उलटल्यानंतरचा घ्यायचा, आधीचा नाही. हे वाक्य सर फळ्यावर लिहून त्याखाली तीन रेघा मारायचे.

मग परीक्षेला पाच अधिक चार ठरलेलं. ज्याचा लाल दिवा पाच-चारला लागला आणि उणे तीन वजा दोनला विझलेला राहिला, तो पास.

त्या वर्षी सुरुवात कधी झाली ते मला नीट सांगता येत नाही. आता मागे बघून वाटतं, खूप आधी झाली असणार. मला पहिल्यांदा खटकलं ते एका साध्या गोष्टीने. आमच्या बेरीज चिपचा एक आडमुठेपणा आहे. बहुतेक चिपांना वीज सोळाव्या पिनला आणि जमीन आठव्याला असते. हिला पाचव्या आणि बाराव्याला. सरांनी हे इतक्यांदा सांगितलंय की आमची पोरं झोपेतही पाच-बारा बडबडतील. एके दिवशी सरांनी प्रात्यक्षिकासाठी स्वतः जोडणी केली आणि वीज सोळा-आठला दिली. दिवे लागेनात. सरांनी किट थोपटलं, फ्यूज बघितला, पोरांकडे बघितलं. मी मागून जाऊन गुपचूप वायर पाचवर घातली. ‘चांगलं ध्यान हाय तुझं,’ सर म्हणाले. मला वाटलं मुद्दाम केलं असेल, पोरं लक्ष देतात का बघायला. त्यांना असल्या खोड्या करायची सवय होतीच.

मग एका सकाळी ते केडगावला उतरले नाहीत. गाडी गेली, माणसं पांगली, मी स्कूटरवर बसून फोन लावत राहिले. बऱ्याच वेळाने उचलला. पार पुढच्या उरुळीहून बोलत होते. ‘डोळा लागला गं.’ त्या आधी इतक्या वर्षांत त्यांचा गाडीत डोळा लागल्याचं मी ऐकलं नव्हतं. ते झोपणाऱ्यातले नव्हतेच, सगळ्या डब्याला राजकारण सांगणाऱ्यातले होते.

प्राचार्यांच्या कानावर काहीतरी गेलं. त्यांनी मला बोलावलं, दार लावून घेतलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, ‘तुमच्या सरांच्या रिटायरमेंटला दोन वर्षं आहेत. मला काही कुणाचं वाईट करायचं नाही. पण परीक्षेत काही गडबड झाली, तर मला त्यांना लॅबमधून काढावं लागेल. लक्ष ठेवा.’ मला त्या माणसाचा इतका राग आला की मी नुसती मान हलवून बाहेर आले. पायऱ्यांवर थांबून दोनचार शिव्या दिल्या, मनातल्या मनात नाही, चांगल्या मोठ्याने. सरांना लॅबमधून काढायचं म्हणजे काय काढायचं, हे त्या माणसाला कळणार नव्हतं. घरी त्यांना करमत नाही. पोरंबाळं नाहीत. दिवाळीच्या सुट्टीतही एक फेरी मारायचे, म्हणे धूळ पुसायला. लॅब गेली की सर गेले, हे मला त्या पायरीवर उभं राहून स्वच्छ दिसत होतं.

तेव्हापासून मी त्यांच्या मागेच लागले. फळ्यावर काही चुकलं की ‘सर, खडू घ्या’ म्हणत पुढे व्हायचं आणि जाता जाता एक शून्य पुसून एक करायचा. पोरांना कळत होतं की नाही, माहीत नाही. एकदोघांना नक्कीच कळत होतं, कारण ती माझ्याकडे बघायची आणि मग वहीत बघायची.

आणि मग प्रॅक्टिकलची परीक्षा आली.

बाहेरचे परीक्षक नगरकडच्या एका कॉलेजातून आले होते, सज्जन, पोट सुटलेले, चहा आणि फोन या दोन गोष्टींत रमलेले. आतले परीक्षक अर्थातच सर. मी नियमाने लॅब सांभाळायला. पोरांनी चिठ्ठ्या उचलल्या. वडगाव रासाईचा एक मुलगा होता, वडलांची नदीकाठी शेवंती आणि कांदा. हुशार म्हणता येणार नाही, पण चिवट. हा विषय त्याचा आधी एकदा राहिला होता. रांजणगावच्या एका कारखान्यात त्याला घेणार होते, सगळे विषय सुटले तर. त्याच्या चिठ्ठीत बेरीज-वजाबाकी आली, ओव्हरफ्लोसह. त्याने माझ्याकडे बघितलं आणि हसला, कारण हे त्याला येत होतं.

त्याने जोडणी केली तीही बघण्यासारखी. वायरी आखूड कापलेल्या, सरांना आवडतात तशा. हातच्याला पिवळा दिवा, ओव्हरफ्लोला लाल. वीज पाच आणि बाराला. दुसऱ्या आकड्याचा वरचा बिट उलटल्यानंतरचा घेतलेला. मी जाता जाता डोळ्यांनीच सगळं तपासलं आणि पुढे गेले. मला त्याची काळजी उरली नाही.

सर आणि परीक्षक त्याच्या टेबलाशी आले. सर म्हणाले, ‘उणे तीनातनं दोन काढ.’ मुलाने स्विच लावले, बटण एकावर टाकलं. उत्तराचे दिवे लागले, उणे पाच. पिवळा लागला. लाल विझलेला.

सर वाकून बघत राहिले. मग म्हणाले, ‘लाल का लागला न्हाई?’

मुलाला वाटलं तोंडी प्रश्न आहे. तो म्हणाला, ‘सर, उत्तर बरोबर हाय. उणे पाच मावतंय.’

‘हातचा भाईर आलाय ना? पिवळा लागलाय ना तुझा?’

‘व्हय सर.’

‘मग लाल बी लागाया पायजे. तुझी जोडणी चुकलीय.’

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी दोन टेबलं पलीकडे होते आणि माझ्या हातात मल्टिमीटर होता, तो मी तसाच धरून ठेवला. मुलगा म्हणाला, ‘सर, हातचा येगळा, ओव्हरफ्लो येगळा. तुम्हीच तर सांगितलंय.’

‘मी?’ सरांचा आवाज चढला. ‘मला शिकवतोस व्हय रं? काढ त्या वायरी.’ आणि परीक्षकांकडे वळून म्हणाले, ‘लिवा. जोडणी चुकीची.’

परीक्षकांनी खांदे उडवले आणि पेन काढलं. त्यांना काही पडलेलं नव्हतं. विभागप्रमुख सांगतात म्हटल्यावर संपलं.

मी पुढे गेले. आधी मी एक मार्ग काढून बघितला. म्हणाले, ‘सर, सकाळपासून उभे आहात, चहा आलाय. हे टेबल मी बघते.’ अजून सगळं झाकता आलं असतं. सर चहाला गेले असते, मी परीक्षकांना हळूच समजावलं असतं, मुलगा पास झाला असता, आणि प्राचार्यांपर्यंत काहीच गेलं नसतं. पण सर म्हणाले, ‘मला चहा नगं. तू तुझं काम कर.’ मुलाने पहिली वायर उपटलीच होती.

मी त्याला म्हणाले, ‘ती वायर परत लाव.’ त्याने लावली. मी म्हणाले, ‘पाच अधिक चार कर.’

बटण शून्यावर. पाच, चार. उत्तराचे दिवे लागले, उणे सात. पिवळा विझला. लाल लागला.

परीक्षक आता नीट बघायला लागले. ते शहाणे होते, फक्त आळशी होते. ‘हां,’ ते म्हणाले, ‘पाच-चारला ओव्हरफ्लो. बरोबर आहे की.’

सर लाल दिव्याकडे बघत होते. म्हणाले, ‘हातचा न्हाई, मग लाल का लागला? म्हंजी दोन्ही येळंला उलटं झालंय. म्हणूनच तर म्हणतोय, चुकलंय.’

मागच्या बाकावरून एकजण हसला. एकटाच. मी वळून त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तोंड खाली घातलं. पण ते हसणं सरांनी ऐकलं होतं. ते भिंतीवरच्या रिमकडे बघत नव्हते, माझ्याकडेही नाही, त्यांना कुठे बघावं ते समजत नव्हतं. वर्षानुवर्षं पोरांना या प्रश्नावर हसवणारा माणूस त्या दिवशी त्याच प्रश्नासमोर उभा होता, आणि मला त्यांना हात धरून बाहेर न्यावंसं वाटलं, लहान मुलाला नेतात तसं. मी नेलं नाही. मी परीक्षकांना म्हणाले, ‘जोडणी बरोबर आहे, सर. दोन्ही गणितं तुमच्यासमोर झाली.’ त्यांनी मान डोलावली आणि मार्क लिहिले.

मुलगा पास झाला. बाहेर जाताना तो माझ्या पायाला हात लावायला लागला तर मी त्याच्यावर खेकसले. त्याचा काहीच दोष नव्हता.

परतीच्या वाटेवर सर स्कूटरवर बसले, पण डबा मांडीवर घेऊन गप्प. मी एक खड्डाही चुकवला नाही, मुद्दाम, काहीतरी बोलावेत म्हणून. स्टेशनजवळ उतरल्यावर ते म्हणाले, ‘पोरांसमोर माझी लाज काढलीस.’

मी म्हणाले, ‘सर, त्या पोराचं वर्ष गेलं असतं.’

‘जोडणी चुकली व्हती त्येची.’

एवढं बोलून ते फलाटाकडे गेले. मी तिथेच रडले, हेल्मेट घालूनच, कुणाला दिसू नये म्हणून. रागाने रडले, की दुःखाने, ते तेव्हा वेगळं करता आलं नसतं.

परीक्षकांनी जेवताना प्राचार्यांना सगळं सांगितलंच होतं. वाईट हेतूने नाही, गंमत म्हणून. पुढच्या आठवड्यात सरांना लॅबमधून काढून ग्रंथालयात बसवलं, ‘जुनी पुस्तकं लावायला’. काही दिवस ते आले. लॅबच्या दारातून जाताना आत बघायचे नाहीत. मग केडगावला उतरेनासे झाले. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, फोन करून सांगितलं की पुण्याच्या डॉक्टरने डोक्याचे फोटो काढलेत. हळूहळू विसरत जाण्याचा आजार आहे. थांबत नाही, जरा सावकाश होतो, एवढंच गोळ्यांचं काम.

रिम मी लॅबमधून काढून त्यांच्या घरी पोचवली. प्राचार्यांना विचारलं नाही. ती कॉलेजची नव्हतीच.

एका रविवारी काकूंचा पुन्हा फोन आला. ‘दिसभर लॅब लॅब करत्यात. कुटं हाय माझी लॅब म्हणत्यात. तुजं त्ये खेळणं घिऊन ये बाई, बसव जरा त्येंच्यासंगं. बघू तरी काय व्हतंय.’

मी ब्रेडबोर्ड, म्हणजे वायरी खोचायची भोकांची पाटी, चिपा, दिवे, आखूड कापलेल्या वायरी असं सगळं पिशवीत भरून दुपारच्या गाडीने दौंडला गेले. खोटं कशाला बोलू, मनात आशा होती. परीक्षेच्या दिवशी ते दमले असतील, गोंधळले असतील, घरच्या शांततेत हात आपोआप चालतील, आणि मी सोमवारी प्राचार्यांच्या टेबलावर हात आपटून सांगेन की सरांना परत आणा.

सरांनी मला ओळखलं. ‘ये, ये. खड्ड्यातनं आलीस का?’ मी हसले. आम्ही ओट्यावर चटई टाकून बसलो. भिंतीला खिळ्यावर रिम होती, काकूंनी तिच्या एका बाजूला दोरी बांधून रुमाल वाळत घातला होता.

सरांनी बेरजेची चिप हातात घेतली, उलटी करून पाय सरळ केले आणि बोर्डात दाबली. मग वायर घेतली आणि थांबले. त्यांनी वीज पाचव्या पिनला दिली. जमीन बाराव्याला. माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण काकू दारातून बघत होत्या आणि त्यांच्याही तोंडावर आलं. मग एक्स-ऑर. चारही तारा एका बटणाला, आणि तीच तार पहिल्या हातच्याला. बोटं जुनीच होती, सवयीची. त्यांनी स्वतःच सहातून दोन काढून बघितले. चारचा दिवा लागला. ‘चालतंय की,’ ते म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले, तसेच, पूर्वीसारखे.

मी म्हणाले, ‘सर, लाल राहिला.’

‘हा, लाल.’ त्यांनी लाल दिवा घेतला. दुसरी एक्स-ऑरची चिप चटईवर पडली होती, तिच्याकडे त्यांनी बघितलं, पण उचलली नाही. मग अगदी सहज, काहीही न अडखळता, त्यांनी चौदाव्या पिनमधून, म्हणजे बाहेर येणाऱ्या हातच्यातून, तार काढली आणि सरळ लाल दिव्याला जोडली.

मी बटण शून्यावर टाकलं, पाच आणि चार लावले. उत्तराच्या जागी उणे सात. लाल विझलेला.

सर वाट बघत राहिले. मग म्हणाले, ‘दिवा उडालाय.’ त्यांनी तो काढला आणि दुसरा लावला. तो लागला नाही. तिसरा घेतला, डोळ्यांजवळ धरून त्याचे पाय तपासले, लांब कुठला आखूड कुठला, आणि लावला. मग मीच पिशवी जवळ ओढून घेतली, नाहीतर त्यांनी सगळे बदलले असते.

मी उठले, रुमाल बाजूला केला, दोरी सोडली आणि रिम खाली आणली. त्यांच्यासमोर चटईवर ठेवली. ‘सर, पाचावर बोट ठेवा.’ त्यांनी ठेवलं. ‘चार घरं पुढे.’ त्यांनी मोजत सरकवलं, सहा, सात, आणि लाल पट्टीशी बोट थांबलं. मला वाटलं आठवलं. त्यांनी नखाने पट्टीची कड खरवडून बघितली. ती जुनी होती, सुटायला आली होती.

‘ही पट्टी कशाची गं?’ ते म्हणाले.

मी सांगितलं. त्यांच्याच शब्दांत सांगितलं, कारण मला दुसरे शब्द येत नाहीत. ही शीव आहे. ओलांडली की उत्तर खोटं. मशीन बोंबलत नाही, खोटं उत्तरही गप्प दिवे लावून दाखवतं. वरच्या घरात आत आलेला हातचा आणि बाहेर गेलेला हातचा वेगळे असतील, तर समजायचं. सर मान हलवत ऐकत होते, पुढच्या बाकावरच्या चांगल्या मुलासारखे, मध्ये एकदा ‘थांब, परत सांग’ म्हणाले, मी परत सांगितलं.

ऐकून झाल्यावर म्हणाले, ‘लई झ्याक सांगतीस. कुनी शिकीवलं तुला?’

‘तुम्हीच शिकवलं, सर.’

ते हसले, मी थट्टा करते आहे असं वाटून. ‘मी? न्हाई गं. मला हे येतच न्हाई.’ आणि त्यांनी चौदाव्या पिनची तार उपटून माझ्या हातात दिली. ‘तू लाव. मी बघतो.’

मी दुसरी चिप उचलली आणि बोर्डात दाबली. दोन्ही आकड्यांचे वरचे बिट, दुसऱ्याचा उलटल्यानंतरचा, मग उत्तराचा, मग हातचा. ते वाकून एकेक वायर कुठे जाते ते बघत होते. पाच आणि चार लावलेलेच होते. शेवटची वायर बसली तसा लाल दिवा लागला, आणि सरांनी टाळी वाजवली.

आतून काकूंनी विचारलं, ‘लागला का गं? त्येंनीच लावला का?’

मी सरांकडे बघितलं. ते दिव्याकडे बघत होते.

‘लागला, काकू,’ मी म्हणाले.